रेकॉर्डिंगच्या आधीचा कागद

निवेदनाच्या संहितेवर दिग्दर्शक बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात दोन-तीन शब्द लिहितो: ‘भारदस्त, पण आपुलकीनं’. व्हॉइस आर्टिस्ट ते वाचते, मान डोलावते आणि तिच्या नेहमीच्या पद्धतीनं वाचायला लागते. दुसरं करणार तरी काय? भारदस्तपणा कुठल्या शब्दावर आणायचा, आपुलकी कोणाबद्दल दाखवायची, हे त्या शेऱ्यात कुठेच नसतं. म्हणून ज्यांना हे काम नीट करायचं असतं ते सेशनच्या आदल्या दिवशी संहिता समोर घेऊन बसतात आणि एकेका ओळीपुढे सूचना लिहितात. त्या कशा लिहायच्या, ते एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, लोणारवर एक छोटा माहितीपट आहे. त्याच्या सुरुवातीच्या ओळी अशा:

1. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार गावाबाहेर जमीन अचानक खाली उतरते.
2. हे विवर ज्वालामुखीनं केलेलं नाही.
3. आकाशातून आलेल्या अशनीनं ते बेसॉल्ट खडकात कोरलं आहे.
4. त्याचा व्यास 1.8 किलोमीटर आहे.
5. ते केव्हा घडलं यावर एकमत नाही: एका पद्धतीनं वय निघतं 52 हजार वर्षं, दुसरीनं 5 लाख 70 हजार.
6. 2020 च्या जूनमध्ये याच सरोवराचं पाणी गुलाबी झालं.

आधी आकडे अक्षरांत उतरवायचे. चौथ्या ओळीतला 1.8 कोणी ‘एक पॉइंट आठ’ वाचेल, कोणी ‘एक पूर्णांक आठ दशांश’. ऐकणाऱ्याला दोन्ही जड जातात. ‘जवळपास पावणेदोन किलोमीटर’ म्हटलं की डोळ्यांसमोर अंतर उभं राहतं, फक्त ते तज्ज्ञाकडून मान्य करून घ्यायचं. पुढे एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1823 मध्ये लोणारची नोंद केल्याचा उल्लेख आला, तर तिथे ‘अठराशे तेवीस’ असंच लिहायचं. परक्या शब्दांचे उच्चारही फोड करून द्यायचे: बे-सॉल्ट, हॅ-लो-आर्-किया. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार असल्यामुळे घोटाळा होण्याजोगा शब्द असेल तिथे खूण करायची. ‘जरा’ म्हणजे थोडंसं की म्हातारपण, हे कागदावर सारखंच दिसतं. ही सगळी तयारी झाली. सूचना अजून लिहायच्याच आहेत.

पहिल्या ओळीत आठ शब्द आहेत. संथ निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे ओळीला चार-साडेचार सेकंद लागणार. शेतातून चालत येणारा कॅमेरा काठावर पोहोचून खाली वाकतो तो शॉट नऊ सेकंदांचा आहे असं धरू. आर्टिस्टसमोर चित्र नसेल तर ती ही ओळ ओघात वाचून टाकेल आणि उरलेले सेकंद संकलकाला कसेतरी भरावे लागतील. म्हणून समासात लिहायचं: ‘दुसऱ्या सेकंदाला सुरू. घाई नाही. “अचानक”नंतर बारीक थांबा, कॅमेरा तिथेच खाली वळतो.’ थांब्यासाठी एक तिरपी रेघ पुरते, मोठ्या थांब्यासाठी दोन. स्वल्पविराम वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो, त्यामुळे प्रत्येक स्वल्पविरामाला थांबलं तर निवेदन अडखळल्यासारखं ऐकू येतं.

दुसरी आणि तिसरी ओळ ही एक जोडी आहे आणि जास्तीत जास्त गडबड इथेच होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओळीगणिक सूर शेवटी खाली पडण्याची सवय लागते. ‘ज्वालामुखीनं केलेलं नाही’ इथे सूर पडला की वाक्य संपलं असं वाटतं आणि पुढची अशनी वेगळीच बातमी होऊन बसते. सूचना अशी: ‘ “ज्वालामुखीनं”वर जोर. “नाही” वरच ठेवा, उत्तर पुढच्या ओळीत आहे.’ नाहीच्या डोक्यावर चढता बाण. तिसऱ्या ओळीत अधोरेखित करायचा शब्द एकच, ‘अशनीनं’. ‘आकाशातून’ हा शब्द मोहात पाडणारा आहे, तो रंगवून म्हणावासा वाटतो. पण तिथे जोर गेला की ज्वालामुखी विरुद्ध अशनी हा मुद्दाच हरवतो. आणि ‘आहे’ गिळायचं नाही, नाहीतर मायक्रोफोनला ‘कोरलं…’ एवढंच मिळतं.

जोर कुठे द्यायचा याची माझी कसोटी साधी आहे: या ओळीत ऐकणाऱ्याला नवं काय मिळालं? चौथ्या ओळीत विवर आधीच माहीत झालेलं आहे, नवा आहे तो आकडा. ‘व्यास’वर जोर दिला तर ते वर्गातलं वाचन होतं.

पाचव्या ओळीसाठी मात्र वेळ काढावा. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी विवराचं वय दहापटीहून अधिक फरकानं निघालं आहे आणि संहिता यातल्या कोणाचीच बाजू घेत नाही. आर्टिस्टच्या आवाजानं मात्र ती नकळत घेतली जाते. दुसरा आकडा मोठा असल्यामुळे आवाज तिथे चढतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, तोच खरा. म्हणून लिहायचं: ‘दोन्ही आकडे सारख्या वजनाचे. “बावन्न” आणि “पाच लाख” एकाच उंचीवर. मध्ये पूर्ण थांबा. “पाच लाख सत्तर हजार” एका श्वासात.’ ‘हे शास्त्रीय शैलीत वाचा’ एवढंच लिहिलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

सहाव्या ओळीची सूचना चित्रावर अवलंबून आहे. गुलाबी पाणी पडद्यावर आधीच दिसत असेल तर ‘गुलाबी’वर जोर देणं म्हणजे दिसतंय तेच पुन्हा सांगणं, तेव्हा जोर ‘याच’वर. चित्र त्या शब्दावरच बदलणार असेल तर ‘पाणी’नंतर थांबा आणि मग ‘गुलाबी’. संकलन झालेलं नसेल तर दोन्ही तऱ्हा रेकॉर्ड करून घ्याव्यात आणि तसं कागदावर लिहावं. पुढच्या ओळीत पाण्यातला खारेपणा वाढून मीठ मानवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव वाढल्याचं कारण येतं. त्यामुळे सहावी ओळ नवलाची असली तरी घाबरवणारी नको. ‘बघा तरी, असं म्हणताय’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

सूचना किती द्यायच्या यालाही मर्यादा आहे. ओळीला एक, फार तर दोन. कागद बाणांनी आणि रेघांनी भरला की आर्टिस्टचं लक्ष अर्थावरून खुणांवर जातं आणि आवाजात मोजणं ऐकू येतं: प्रत्येक थांबा सारख्या लांबीचा, प्रत्येक जोर सारख्याच ताकदीचा. असं झालं की खुणा नसलेली कोरी प्रत हातात द्यावी आणि ‘ताई, आता फक्त मला सांगा’ म्हणावं. एवढा वेळ कागदाशी घालवल्यामुळे अर्थ त्यांच्या मनात बसलेला असतो. ‘मी म्हणतो तसं म्हणा’ हा उपाय अगदी शेवटचा, कारण त्यातून दिग्दर्शकाच्या सुराची नक्कल मिळते आणि ती पुढच्याच ओळीला तुटते. तिसऱ्या टेकलाही तीच चूक होत असेल, तर बहुधा वाक्यातच खोट असते. पाचवी ओळ कोणालाच एका दमात जमत नसेल, तर तिची दोन वाक्यं करावीत.

कागदाच्या मांडणीवरही रेकॉर्डिंगचं बरंच काही अवलंबून असतं. ओळींमध्ये मोकळी जागा, मोठी अक्षरं आणि एकही वाक्य पान उलटून पुढे जाणारं नको, कारण उलटणाऱ्या पानाची सळसळ आवाजात मिसळते. ओळींचे क्रमांक ध्वनिमुद्रकाकडच्या प्रतीतही तेच असावेत. उजवीकडचा समास रिकामा ठेवायचा. तिथे सेशन चालू असतानाच नोंदी होतात: ‘ओळ 5, टेक 3, दुसरा आकडा बरोबर’, ‘ओळ 2, टेक 1, “नाही” छान’. संकलक याच नोंदी पाहून पाचव्या ओळीचा पहिला अर्धा भाग एका टेकमधून आणि दुसरा दुसऱ्यातून घेतो.