सकाळी दहाची अपॉइंटमेंट कशी साठवावी?

डेटाबेसमध्ये वेळ साठवायची तर ती जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत साठवावी, असा प्रोग्रामरांमध्ये रूढ नियम आहे. घडून गेलेल्या गोष्टींसाठी तो अगदी योग्य आहे. पैसे कधी जमा झाले, लॉग-इन कधी झाले, हे क्षण ठरून गेलेले असतात. पुढची अपॉइंटमेंट मात्र तशी नसते. तिथे रुग्णाला कबूल केलेली असते ती भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, आणि ते घड्याळ सरकार बदलू शकते.

मेक्सिकोत असेच झाले. समजा, मेक्सिको सिटीतल्या एका दवाखान्याने सप्टेंबर 2022 मध्ये 14 जून 2023, सकाळी 10 ची वेळ दिली. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे असत, म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे. त्या हिशेबाने डेटाबेसमध्ये 15:00 यूटीसी नोंदले गेले. ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस देशाच्या बहुतेक भागात ही उन्हाळी वेळ रद्द झाली आणि मेक्सिको सिटी बाराही महिने यूटीसीच्या सहा तास मागे राहू लागली. सर्व्हरवर टाइम झोनचे नवे नियम आले आणि 15:00 यूटीसी ही नोंद पडद्यावर सकाळी 9 दिसू लागली. रुग्णाच्या कार्डावर मात्र 10 च होते.

या चुकीची एक खूण आहे. हिवाळ्यातल्या वेळा बरोबर राहतात, फक्त उन्हाळ्यातल्याच नेमक्या एका तासाने सरकतात. दुरुस्ती किचकट असते, कारण नियम बदलल्यानंतर झालेली नोंदणी मुळातच बरोबर असते. कोणती नोंद कोणत्या नियमाने झाली हे कळल्याशिवाय सरसकट एक तास वाढवता येत नाही.

म्हणून अशा वेळेसाठी स्थानिक वेळ आणि झोनचे नाव दोन्ही साठवावे. पोस्टग्रेसमध्ये ते असे:

```
local_time timestamp  -- 2023-06-14 10:00
zone       text       -- America/Mexico_City
```

झोनऐवजी नुसते `-05:00` लिहिणे पुरत नाही. तो त्या दिवशीचा फरक आहे, गावाचा नियम नव्हे. `timestamptz` या नावावरूनही फसगत होते. त्यात झोन साठत नाही, वेळ यूटीसीत बदलून ठेवली जाते. स्मरणसंदेश पाठवायला किंवा क्रम लावायला यूटीसी लागतेच. ती ऐनवेळी `local_time AT TIME ZONE zone` ने काढावी, किंवा वेगळ्या रकान्यात ठेवून झोनचे नियम बदलले की पुन्हा मोजावी.

एक अडचण उरते. घड्याळे मागे घेतली जातात त्या रात्री एक तास दोनदा येतो. तेव्हा ‘दीड वाजता’ म्हणजे पहिला दीड की दुसरा, हे स्थानिक वेळेवरून कळत नाही. दवाखान्याला याची झळ लागत नाही, पण रात्रपाळीच्या वेळापत्रकात यूटीसीपासूनचा फरकही सोबत नोंदवावा लागतो.

भारतात एकच झोन आणि उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे इथे चाचणी करताना ही चूक दिसतच नाही. पुण्यात बसून परदेशातल्या दवाखान्यासाठी प्रणाली लिहिणाऱ्याने चाचणीत उन्हाळ्यातली एक आणि हिवाळ्यातली एक तारीख मुद्दाम घ्यावी. मेक्सिकोसारखी चूक पकडायची, तर झोनचे नियम बदलून त्याच नोंदी पुन्हा वाचून पाहाव्यात.