दोन तोंडांची केबल

लांबच्या गाडीत सॉकेट एक आणि फोन दोन. अशा वेळी फलाटावर मिळणारी दोन तोंडांची केबल हवीहवीशी वाटते. एक फोन लावला की चार्जिंग झपाट्याने चालतं. दुसरा लावला की पहिल्यावरचं ‘फास्ट चार्जिंग’ गायब होतं, नाहीतर दोन्ही फोन एकसारखे चालू-बंद होत राहतात. राग निघतो चार्जरवर, पण दोष बहुधा त्याचा नसतो.

साध्या वाय केबलमध्ये वीज वाटून देणारं काहीच नसतं. एकाच तारेला दोन फाटे फोडलेले असतात, बस. चार्जरला मात्र समोर एकच फोन आहे असं वाटत असतं.

यूएसबी-सी चार्जर आधी सीसी नावाच्या तारेवर चाचपणी करतो. फोनच्या आत या तारेवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो. ३ अँपिअर देऊ शकणारा चार्जर आणि एक फोन असेल तर तारेवर साधारण १.७ व्होल्ट दिसतात, आणि ३ अँपिअरपर्यंत घ्यायला हरकत नाही हे फोनला कळतं. दोन फोन लागले की हा आकडा निम्म्यावर, म्हणजे ०.८४ व्होल्टवर येतो. फोनच्या लेखी ही दीड अँपिअरची खूण. दीड आणि दीड तीन; हिशेब निव्वळ योगायोगाने जमतो! पण हाच आकडा ०.८ च्या खाली गेला, तर समोर फोनच नाही असं समजून चार्जर वीज तोडतो. दोहोंत अंतर आहे जेमतेम ०.०४ व्होल्टचं. एखादा रेझिस्टर किंचित कमी भरला तरी खेळ खलास.

फास्ट चार्जिंगसाठी ९ व्होल्टची मागणीही याच तारेवरून जाते. दोन फोन एकदम उत्तर देऊ लागले की चार्जरला काही उमगत नाही आणि तो ५ व्होल्टवरच थांबतो. एका अर्थी हे बरंच, कारण विजेची तार सामाईक आहे. एकाने ९ व्होल्ट मिळवले तर ते न मागणाऱ्या दुसऱ्यालाही मिळतील.

तारेची जाडी हा आणखी एक घोळ. २८ गेजच्या एक मीटर बारीक तारेत जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम रोध असतो. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. फोनपर्यंत पोचतात ४.२, आणि तो आपणहून कमी वीज घेऊ लागतो.

जुन्या रुंद यूएसबी-ए प्लगची वाय केबल त्यामानाने निमूट चालते. तिथे चार्जरशी सीसीवर बोलणं नसतं; खुणेचे रेझिस्टर केबलच्याच टोकांत असतात. चार्जिंग सावकाश होतं, पण अडत नाही. काही महागड्या केबलींच्या सांध्यात चिप असते. दुसरा फोन लावताच ती बोलणी नव्याने करते, म्हणून दोन्ही फोन क्षणभर थांबतात. तो बिघाड नव्हे.

दोन्ही फोन एकेकटे नीट चार्ज होतात आणि एकत्र लावले की तुटतात, तर गडबड सीसीची. दोन्ही रेंगाळतात आणि केबल कोमट लागते, तर तार बारीक.