अहवालाचा सारांश: आकडा आणि कृती

मोठ्या शैक्षणिक अहवालाचा कार्यकारी सारांश म्हणजे वेळ कमी असलेल्या अधिकाऱ्याला निर्णयासाठी पुरेल एवढा मजकूर. ‘असर’ 2024 हे ग्रामीण भारताचे सर्वेक्षण उदाहरणादाखल घेता येईल. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले 2022 मध्ये 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. सारांशात नेमकी इथेच चूक होते. ‘7 टक्के वाढ’ असे लिहिले जाते. खरे तर ती 7.1 टक्केबिंदूंची, म्हणजे मूळ प्रमाणाच्या सुमारे 44 टक्के वाढ आहे. तरीही चारांपैकी तीन मुले मागेच आहेत, हे त्याच वाक्यात यायला हवे.

मर्यादाही तिथेच सांगावी. ही पाहणी घरोघरी, नमुना पद्धतीने होते. तिच्यावरून एखाद्या शाळेला किंवा शहराला जोखता येत नाही.

‘वाचनावर भर द्यावा’ ही कृती नव्हे. वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचून घ्यावे, पातळीनुसार गट करावेत आणि केंद्रप्रमुखाने ठरलेल्या तारखेला फेरतपासणी करावी, असे लिहिले तर आदेश थेट काढता येतो.