दवाखान्यातला आकडा आणि घरचा आकडा

१९८३ साली ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक साधा पण कठोर प्रयोग मांडला. रुग्णांच्या धमनीत बारीक नळी बसवून रक्तदाब सतत नोंदला जात होता. दंडाला पट्टा बांधायची गरजच नव्हती. तरीही मध्येच एक डॉक्टर यायचा आणि नेहमीसारखं बीपी तपासायचा. तो खाटेजवळ आला की पहिल्या चारेक मिनिटांतच वरचा दाब सरासरी २७ आणि खालचा १५ अंकांनी चढायचा. डॉक्टर थांबून राहिला की हळूहळू उतरायचा. पुढे त्याच गटाने दाखवून दिलं, की डॉक्टरऐवजी परिचारिकेने बीपी घेतलं तर ही उसळी बरीच कमी असते.

आपल्याकडे दाब साधारण केव्हा मोजला जातो? जिना चढून, तासभर ताटकळून, नंबर पुकारल्यावर लगबगीने आत गेल्यावर, तक्रारी सांगता सांगता. म्हणजे नेमका त्या उसळीच्या माथ्यावर. आणि त्या एका आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू होते.

ही कहाणी समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते जुळवलेले आहेत, पण प्रकार रोजचा आहे. एक्कावन्न वर्षांच्या एक शिक्षिका, अंगाने भरलेल्या. दवाखान्यात बीपी १६२/९८. डॉक्टर चांगले होते, त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली नाही. आधी टेप मागवली.

टेप कशाला? खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजायला. बाईंचा घेर भरला ३६ सेंटिमीटर. टेबलावरच्या पट्ट्यावर मात्र छापलं होतं, २२ ते ३२. पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के हवी. पिशवी तोकडी पडली तर तिचा दाब धमनीपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. धमनी बंद करायला जास्त हवा भरावी लागते, आणि ही जास्तीची हवा आपण रुग्णाच्या नावावर दाब म्हणून लिहितो. हा दोष यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये इटलीत दंडाचा पट्टा आणला तो जेमतेम पाचेक सेंटिमीटर रुंद होता. १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवलं, की अरुंद पट्टा दाब फुगवून सांगतो. शतक उलटलं तरी कित्येक दवाखान्यांत सगळ्या दंडांना एकच पट्टा आहे.

फरक किती पडतो, ते बाल्टिमोरच्या २०२३ मधल्या एका चाचणीत मोजलं गेलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तेव्हा वरचा दाब सरासरी पाचेक अंक जास्त आला. सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांच्या बाबतीत हाच फरक जवळपास २० अंकांवर गेला. उलट, बारीक दंडाला नेहमीचा पट्टा बांधला की दाब तीन-चार अंकांनी कमी दिसला. किडकिडीत आजीचं बीपी ‘छान’ येतंय म्हणून खूश होण्याआधी हेही आठवावं.

बाईंना मोठा पट्टा मिळाला. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता त्या पाच मिनिटं गप्प बसल्या. दंड उघडा होता. साडीच्या ब्लाउजची बाही वर ओढून तिचा फास दंडाला बसू देणं हीही एक चूकच. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी निव्वळ रक्तस्तंभाच्या वजनाने आकडा सात-आठ अंकांनी वाढतो, यात कोणताही आजार नसतो. बोलण्याने आणि तुंबलेल्या लघवीनेही आकडा वाढतो. एका मिनिटाच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्यांची सरासरी आली १५०/९२. बारा अंक एका टेपने आणि पाच मिनिटांच्या शांततेने उतरले. तरीही १४०/९० च्या वरच.

आता प्रश्न होता दवाखान्याचा. डॉक्टरांनी दंडाचं, मोठ्या पट्ट्याचं यंत्र घरी न्यायला सांगितलं. सात दिवस, सकाळी गोळ्या-चहाआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ मोजण्यांची सरासरी निघाली १३१/८२. घरची मर्यादा १३५/८५ आहे, कारण घरी दाब मुळातच थोडा कमी असतो. खात्रीसाठी चोवीस तासांचं यंत्र लावलं, ज्याला आपल्याकडे बरेचजण ‘होल्टर बीपी’ म्हणतात. कमरेला छोटी पेटी, लिहिता हात सोडून दुसऱ्या दंडाला पट्टा. दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी आणि रात्री त्याहून विरळ पट्टा आपोआप फुगतो. फुगला की हात सैल, स्थिर ठेवायचा. झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहायच्या. आंघोळीला त्या दिवशी सुट्टी. बाईंचा दिवसाचा दाब १२९/८०, रात्रीचा ११२/६६ निघाला. दिवसा १३५/८५, रात्री १२०/७० आणि एकूण चोवीस तासांत १३०/८० या मर्यादांच्या आत. हा झाला पांढऱ्या कोटाचा रक्तदाब. गोळी टळली. मात्र अशांपैकी काहींचा दाब पुढे खरोखर वाढतो, म्हणून वर्षातून एकदा घरचं किंवा चोवीस तासांचं मोजमाप हवंच.

त्यांचे पती सोबत आले होते. ट्रकचालक, दिवसाला दहा-बारा सिगारेटी. सहज तपासलं तर १३२/८४. कुणीही ‘नॉर्मल’ म्हणून सोडलं असतं. डॉक्टरांनी त्यांनाही यंत्र लावलं. दिवसाचा दाब १४६/९१, रात्रीचा १२८/७६. दवाखान्यात सिगारेट ओढता येत नाही, घाटात गाडी चढवावी लागत नाही. म्हणजे त्यांच्या धमन्यांना जो दाब दिवसभर सोसावा लागतो, तो दवाखान्यात शिरतच नाही. हा छुपा रक्तदाब. माझ्या मते दोघांत जास्त धोक्यात तेच आहेत, कारण त्यांना शोधायला कुणी निघतच नाही. मधुमेह, किडनीचा विकार, घोरण्यासह झोपेत श्वास अडकणं, इकोमध्ये हृदयाची भिंत जाड दिसणं, किंवा दवाखान्यात वरचा दाब १३० ते १३९ असणं, अशांमध्ये हा प्रकार शोधावा.

गोळी चालू असलेल्यांतही तो लपतो. सकाळी आठला गोळी आणि अकराला डॉक्टर, अशा वेळी आकडा देखणाच येणार. गोळीचा अंमल पहाटे ओसरत असेल तर ते फक्त गोळीआधीच्या मोजणीत किंवा चोवीस तासांच्या नोंदीत दिसेल.

भारतातल्या १५ राज्यांत, रक्तदाबाची गोळी न घेणाऱ्या सुमारे १९ हजार लोकांवर झालेल्या ‘इंडिया हार्ट स्टडी’मध्ये पहिल्या भेटीतला आकडा आणि घरचा आकडा शेकडा सुमारे ४० जणांत एकमेकांशी जुळला नाही. काहींचा पांढऱ्या कोटाने वाढलेला, काहींचा छुपा.

मग प्रत्येकाला चोवीस तासांचं यंत्र लावायचं का? नाही. दवाखान्याचा आणि घरचा आकडा दोन्ही स्पष्ट उंच असतील तर ते यंत्र नवं फारसं सांगत नाही. आकडे जुळत नसतील, रात्रीचा दाब पाहायचा असेल, गोळ्यांनी चक्कर येत असेल, किंवा तीन गोळ्यांनीही दाब ऐकत नसेल, तेव्हा ते पैसे सार्थकी लागतात. दाब रात्री साधारण १० ते २० टक्के उतरायला हवा. तो न उतरणं घरच्या साध्या यंत्रावर समजत नाही. मर्यादाही आहेत. पट्टा फुगल्याने काहींची झोप मोडते आणि रात्रीचा आकडा फसतो. हृदयाचे ठोके फार अनियमित असतील तर वाचन चुकतं. दिवसाची निदान वीस आणि रात्रीची सात वाचनं धड आली नसतील तर अहवाल परत करावा.

बीपीचं यंत्र घ्यायला जाल तेव्हा शिवणाची टेप खिशात असू द्या. आधी दंड मोजा, मग खोक्यावर पट्ट्याचा आकार वाचा. मनगटाचं यंत्र टाळा. डॉक्टरांकडे घरच्या मोजण्यांच्या वहीसोबत यंत्रही न्या आणि तिथल्या यंत्राशी ताडून घ्या. आणि घरचा आकडा कमी आला म्हणून चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि निर्णय तिथेच होऊ द्या.