पुरीम : कोकणातल्या बेने इस्राएलांचा 'होळीचा सण'

(विश्रांतवाडी, पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विश्रांतवाडीहून स्टेशनकडे जाताना ससून रुग्णालय आपण सगळेच बघतो. ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं ते डेव्हिड ससून बगदादहून आलेले ज्यू. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, तेही त्यांचंच. पण आज मी बोलणार आहे ते त्यांच्याही आधीपासून इथे असलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंबद्दल. कोकणातले बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या एका सणाचं जुनं मराठी नाव आहे 'होळीचा सण'. हिब्रूत त्याला पुरीम म्हणतात.

'पूर' म्हणजे चिठ्ठी किंवा फासा. पुरीम हे त्याचं अनेकवचन. आता सणाला फाशांचं नाव का, तर त्यासाठी गोष्ट सांगायला हवी. ती बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात आहे.

इराणचा राजा अहश्वेरोश. त्याचं राज्य 127 प्रांतांचं, होदूपासून कूशपर्यंत. हे होदू म्हणजे हिंद, आपला सिंधूकडचा भाग. राजधानी शूशन. तिथे एस्तेर नावाची पोरकी ज्यू मुलगी राणी झालेली असते, पण आपण कोण हे तिने सांगितलेलं नसतं. तिला वाढवणारा तिचा चुलतभाऊ मर्दखय. राजाचा प्रधान हामान. सगळे त्याच्यापुढे वाकतात, मर्दखय वाकत नाही. हामानाला त्याचा इतका राग येतो की एका माणसाला मारून भागणार नाही, सगळी जमातच संपवायची असं तो ठरवतो. दिवस कुठला निवडायचा? तो फासे टाकायला लावतो. वर्षाच्या पहिल्या महिन्यात टाकलेले फासे बाराव्या महिन्यावर, अदारच्या 13 तारखेवर पडतात. मग तो राजाला सांगतो, तुमच्या राज्यात एक विखुरलेली जमात आहे, तिचे कायदे वेगळे आहेत. आणि वर दहा हजार किक्कार रुपं खजिन्यात भरायची तयारी दाखवतो.

न बोलावता राजापुढे जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. एस्तेर तीन दिवस उपास करते, सगळ्यांना करायला लावते, आणि जाते. राजाला आणि हामानाला दोनदा जेवायला बोलावते आणि दुसऱ्या जेवणात सांगते, ज्यांना मारायचं ठरलंय ती माणसं माझी आहेत. मर्दखयासाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर हामानच चढतो.

पण लक्षात घ्या, गोष्ट इथे संपत नाही. राजाच्या मोहरेचा हुकूम परत घेता येत नाही. म्हणून दुसरा हुकूम निघतो, की त्या दिवशी ज्यूंनी एकत्र येऊन स्वतःचं रक्षण करावं. 13 तारखेला लढाई, 14 ला विसावा. तो विसाव्याचा दिवस म्हणजे पुरीम. लढाईचा नव्हे.

आता 'होळीचा सण' हे नाव कसं पडलं? सोपं आहे. ज्यूंचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. त्यामुळे 14 अदार म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा दिवस. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे इकडे होळी पेटते, साधारण तेव्हाच तिकडे एस्तेरची गोष्ट वाचायला घेतात. पंचांग हाताशी नसलेल्या कोकणातल्या घराला शेजारच्या होळीवरून आपला सण कळायचा.

मात्र हे दरवर्षी जुळत नाही. आपल्याकडे अधिक मास असतो, त्यांच्याकडे 19 वर्षांत सात वेळा अदार दोनदा येतो. हिशेब तोच, पण जादा महिना दोघे एकाच वेळी घालतील असं नाही. 2020 मध्ये दोन्ही सण मार्चच्या 9-10 तारखेला आले. त्यानंतर आपल्याकडे अधिक आश्विन आला, त्यांच्याकडे जादा महिना आलाच नाही. म्हणून 2021 मध्ये पुरीम 26 फेब्रुवारीला, आणि होळी थेट 28 मार्चला! पुढे त्यांचा जादा अदार आला आणि 2022 मध्ये 17 मार्चला दोन्ही पुन्हा एकत्र.

बरं, त्या दिवशी करायचं काय? चार गोष्टी. रात्री आणि सकाळी एस्तेरची गुंडाळी ऐकायची, हामानाचं नाव आलं की पाय आपटून गलका करायचा. दिवसा मेजवानी. इथल्या अनेक घरांत पुरणपोळी. उरलेल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण दोन्ही देण्याच्या आहेत, पण नियम वेगवेगळे.

पहिली, 'मिश्लोआख मानोत', म्हणजे वाटे पाठवणं. निदान एका ओळखीच्याला निदान दोन खाद्यपदार्थ, लगेच खाता येतील असे. कच्चे तांदूळ पाठवून चालत नाही. पैसेही नाही. हामान काय म्हणाला होता? ही जमात विखुरलेली आहे. त्याला उत्तर म्हणजे या घरातून त्या घरात जाणारं ताट, असा अर्थ जुन्या भाष्यकारांनी लावला आहे.

दुसरी, 'मत्तानोत ला-एव्योनीम', गरिबांना भेटी. निदान दोन गरिबांना प्रत्येकी एक. इथे पैसे चालतात. पण ते त्याच दिवशी त्यांच्या हातात पडले पाहिजेत, कारण मेजवानी त्यांच्याही घरी व्हायची आहे. आधी गोळा करून ठेवले तरी वाटायचे पुरीमलाच. पुरीमसाठी जमवलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवायचा नाही. आणि त्या दिवशी चौकशी करायची नाही. हात पुढे आला की द्यायचं.

आणि हा नियम स्वतः दानावर जगणाऱ्यालाही लागू आहे! मग त्याने द्यायचं कुठून? तालमूद या ग्रंथात अबिनच्या दोन मुलांची नोंद आहे. दोघांची ऐपत बेताची. त्यांनी काय केलं, आपापलं जेवण एकमेकांना दिलं. घरातलं अन्न तेवढंच राहिलं, पण दोघेही देणारे झाले. गरीब माणूस फक्त घेणारा राहू नये, ही सोय त्यात आहे.

व्यवहारात घोटाळा होतो तो इथेच. मित्रांची ताटं सजतात, पाहुणे येतात, आणि गरिबांच्या वाट्याला उरलंसुरलं जातं. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या पंडिताने यावर स्पष्ट निवाडा दिला: मेजवानी आणि ताटं यांवर खर्च वाढवण्यापेक्षा गरिबांच्या भेटी वाढवा. तेव्हा कुठल्याही घरचा पुरीम नीट झाला का हे तपासायचं असेल, तर ताटं किती गेली हे विचारू नका. त्या दिवशी किती गरिबांच्या घरी चूल नीट पेटली, ते विचारा.

आता प्रश्न घेऊ या.