‘फक्त दोन मिनिटं’ म्हणताना

समजा, पनवेलच्या एका दुचाकी सर्व्हिसिंग सेंटरने ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवला: ‘फक्त २ मिनिटं द्या, आकर्षक बक्षीस जिंका!’ लिंक उघडली तर प्रश्न वीस. सहाव्या प्रश्नालाच ग्राहक वैतागून बाहेर.

मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन पाहणीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना ८ ते १० मिनिटं लागतील असं सांगितलं होतं, काहींना २०. कमी वेळ सांगितलेल्यांनी फॉर्म भरायला जास्त संख्येनं घेतला. पण अर्ध्यावर सोडणारेही त्यांच्यातच अधिक निघाले.

म्हणून वेळ अंदाजाने ठोकू नये. चार-पाच गिऱ्हाइकांना मोबाइलवर फॉर्म भरायला द्यावा, घड्याळ लावावं आणि सावकाश भरणाऱ्याचा वेळ धरावा. मालकाच्या पुतण्याचा नको. त्याला प्रश्न पाठ असतात.

मग मेसेज असा होतो: ‘रविवारी सेंटर सुरू ठेवावं का, हे ठरवण्यासाठी ६ प्रश्न. साधारण ४ मिनिटं. बक्षीस नाही, निर्णय ३० तारखेला याच नंबरवरून कळवू.’ सोडत असेल, तर बक्षीस किती जणांना तेही लिहावं. नंबर पुढे जाहिरातीसाठी वापरायचा असेल, तर उद्देशात ते यायलाच हवं.

एवढं करूनही बरेच जण एकाच प्रश्नाशी थांबत असतील, तर खोट मेसेजमध्ये नाही, त्या प्रश्नात आहे.