शब्दांची रांग आणि तिच्यातील गाठी

मागच्या वेळी आपण समासांविषयी बोललो होतो. त्यानंतर स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारे एक तरुण प्राध्यापक आमच्याकडे एक कागद घेऊन आले. पदार्थविज्ञानातील त्यांच्या शोधनिबंधाचा इंग्रजी गोषवारा एका मराठी नियतकालिकाला मराठीत हवा होता. मर्यादा अडीचशे शब्दांची. तत्त्वज्ञानाच्या माणसाचे यात काय काम, असे आम्हीही आधी म्हणालो. पण पहिल्याच ओळीत अडकलो, आणि मग ते काम आमचेच झाले.

ओळ अशी होती : ‘हीट-क्युअर्ड लो-कॅल्शियम फ्लाय ॲश जिओपॉलिमर मॉर्टर कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ’. दहा शब्द. मध्ये एकही क्रियापद नाही, एकही विभक्ती नाही. इंग्रजीत नामांना नामे अशी चिकटवता येतात आणि त्यांचा आपसातला संबंध वाचणाऱ्याने ओळखायचा असतो. विषयातला माणूस तो सहज ओळखतो, म्हणून लिहिणाऱ्याला अडचण कळतच नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. कोराडी, खापरखेड्याला दगडी कोळसा जाळला की धुराबरोबर जी बारीक राख वर जाते आणि चिमणीच्या आधी पकडली जाते, ती फ्लाय ॲश. बॉयलरच्या तळाशी पडणारी जाड राख वेगळी. ही बारीक राख सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणात कालवली की तिच्यातील सिलिका व ॲल्युमिना विरघळून पुन्हा जुळतात आणि दगडासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. त्याला जिओपॉलिमर म्हणतात. सिमेंटच्या जागी तो वापरून, वाळू घालून, जो मसाला होतो तो जिओपॉलिमर मॉर्टर. गवंडी ज्याला मसाला म्हणतो तोच हा शब्द, आम्ही तोच ठेवला.

आता आमचा पहिला मसुदा ऐका : ‘उष्णता-संस्कारित अल्प-कॅल्शियम फ्लाय ॲशच्या जिओपॉलिमर मसाल्याचे दाब-सामर्थ्य.’ वाचायला भारदस्त! आम्ही तो औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, “सर, राख तर भट्टीतूनच आली ना जी? तिला परत कशाला भाजता?”

चूक तिथेच होती. ‘हीट-क्युअर्ड’ हा शब्द राखेला लागू नाही. तो मधले पाच शब्द ओलांडून मॉर्टरला लागतो. मसाला साच्यात भरल्यावर तो उष्णता देऊन पक्का केला, एवढाच अर्थ. उलट ‘लो-कॅल्शियम’ हा शब्द शेजारच्या राखेलाच लागतो, मसाल्याला नाही. दोन्ही विशेषणे एकामागे एक उभी, आणि दोघांची घरे वेगळी! हे व्याकरणाने सांगितले नाही. राख कुठून येते, मसाला केव्हा तापवतात, हा कामाचा क्रम ठाऊक असल्यामुळे ते कळले.

आपल्याकडे ही अडचण जुनीच आहे. त्वष्ट्याची कथा तुम्हाला आठवत असेल. त्याला हवा होता ‘इंद्राला मारणारा’, पण ‘इंद्रशत्रु’ म्हणताना स्वर चुकला आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणार तो’. अक्षरे तीच, पण गाठ वेगळ्या जागी पडली. त्वष्ट्याकडे निदान स्वर तरी होता, छापील ओळीत तोही नसतो.

मग गाठी सोडवायच्या कशा? आम्ही रांगेच्या शेवटापासून मागे चालत गेलो आणि प्रत्येक पावलाला एक प्रश्न विचारला. शेवटचा शब्द सामर्थ्य. कशाचे? मसाल्याचे. मसाला कशाचा? जिओपॉलिमर बांधणीसाठी वापरून केलेला. जिओपॉलिमर कशाचे? फ्लाय ॲशपासून तयार केलेले. फ्लाय ॲश कशी? कॅल्शियम कमी असलेली. मग उरले ‘हीट-क्युअर्ड’. त्याला आम्ही प्रत्येक नामाजवळ नेऊन पाहिले आणि कुठे अर्थ बसतो ते लेखकांकडून ताडून घेतले. एक लक्षात घ्या, प्रत्येक गाठीतला संबंध निराळा आहे. एका ठिकाणी ‘पासून’, एका ठिकाणी ‘वापरून’, एका ठिकाणी नुसती षष्ठी. मराठीतला ‘चा-ची-चे’ हे सगळे संबंध एकाच पांघरुणाखाली घेतो, म्हणून तो सोपाही आहे आणि फसवाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला या कामातच नीट उमगली. ‘तापवलेल्या राखेच्या मसाल्याचे सामर्थ्य’ असे म्हटले तर काय तापवले? सांगता येत नाही. राख स्त्रीलिंगी, मसाला पुल्लिंगी, तरी सामान्यरूपात दोघांचेही विशेषण ‘तापवलेल्या’च होते. रांग लांबली की सगळे ‘च्या’ आणि ‘लेल्या’ सारखे दिसू लागतात आणि लिंगाची खूण पुसली जाते. पण तेच नाम प्रथमेत आणा. ‘तापवलेली’ म्हणाल तर राख, ‘तापवलेला’ म्हणाल तर मसाला. इंग्रजीकडे नसलेली ही सोय आपल्याकडे आहे, फक्त त्यासाठी रांग मोडून वाक्य करावे लागते. शेवटी आम्ही असे लिहिले :

‘कॅल्शियम कमी असलेल्या फ्लाय ॲशपासून जिओपॉलिमर तयार केले. ते वापरून केलेला मसाला ६० अंश सेल्सिअस तापमानात २४ तास ठेवून पक्का केला आणि त्याचे दाब-सामर्थ्य मोजले.’

‘क्युअर’साठी आधी कुणीतरी ‘पाणी मारणे’ सुचवले होते. बांधकामावर तोच शब्द आहे, खरे. पण ते सिमेंटचे. इथे पाणी मारत नाहीत, उष्णता देतात. साठ अंश आणि चोवीस तास हे आकडे गोषवाऱ्यात नव्हते, निबंधाच्या पोटात होते. लेखकांनी संमती दिली म्हणूनच आम्ही ते वर आणले.

मात्र प्रत्येक रांग मोडायची नसते. ‘हाय-स्ट्रेंग्थ लो-अलॉय स्टील’ घ्या. हे पोलादाच्या एका प्रकाराचे नाव आहे. त्याचे ‘ज्याचे सामर्थ्य जास्त आहे असे पोलाद’ केले, तर नावाचे विधान होते. नाव वस्तूकडे बोट दाखवते. विधान मात्र खरे की खोटे, असा प्रश्न उभा करते, आणि लेखकाने तर तो दावा केलेलाच नसतो. आमची खूण सोपी आहे. तो शब्दसमूह निबंधात जसाच्या तसा पुन्हा पुन्हा येतो का, धंद्यात त्याचे आद्याक्षरी रूप चालते का, हे पाहायचे. या पोलादाला ‘एचएसएलए’ म्हणतात, म्हणजे नाव. ‘फ्लाय ॲश’ही नावच. ‘उडती राख’ आम्ही कंसात एकदा दिली आणि सोडून दिली.

‘लो-कॅल्शियम फ्लाय ॲश’वर मात्र वाद झाला. धंद्यात तिला ‘क्लास एफ’ असे वर्गनामही आहे, तेव्हा हे नाव मानायचे की वर्णन? आम्ही वर्णन मानले, कारण मराठी वाचकाला ‘कमी कॅल्शियम’ कळणे उपयोगाचे होते. प्राध्यापक महाशयांना ते अजून पटलेले नाही.

नवे शब्द घडवण्याची हौस आपल्या नागपूरला जुनी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर लाहोरहून येथे आले आणि संस्कृत धातू-उपसर्गांतून हजारो पारिभाषिक संज्ञा घडवण्याचे काम त्यांनी येथे चालवले. पण एकेका शब्दाला प्रतिशब्द मिळाला तरी दहा शब्दांच्या रांगेतल्या गाठी कोशात सापडत नाहीत.

गोषवारा पूर्ण झाला तेव्हा तो तीनशेच्या वर गेला होता. रांगा मोडल्या की शब्द वाढतातच. आम्ही गाठींना हात लावला नाही. ‘प्रस्तुत अभ्यासात असे आढळून आले की’ यासारखी चार वाक्यारंभीची वळणे काढली, लेखकांनी पार्श्वभूमीची दोन वाक्ये सोडली, आणि मजकूर दोनशे अठ्ठेचाळीसवर आला.